मायग्रेशन सर्टिफिकेट: आधी दाखला वाचा, मग अर्ज करा

पदवीचा निकाल लागला की कॉलेजच्या खिडकीशी दोन तऱ्हेची मुलं येतात. काहींना दाखला हवा असतो, काहींना मायग्रेशन. मायग्रेशन मागणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते दाखल्याचंच मोठं नाव वाटतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी नोकरीची सगळी वर्षं काढली. "सर, मायग्रेशन आजच्या आज मिळेल ना?" हा प्रश्न दर जुलैत ऐकला आणि दर जुलैत तेच उत्तर दिलं: आमच्याकडे मिळतच नाही, ते विद्यापीठ देतं. आम्ही देतो तो दाखला. तरीही मायग्रेशन अडतं ते बहुतेक वेळा त्या दाखल्यावरूनच, म्हणून या लेखात निम्मी जागा दाखल्याला दिली आहे.

दाखला म्हणजे लिव्हिंग सर्टिफिकेट, कुणी त्याला टी.सी. म्हणतं. हा विद्यार्थी आमच्याकडे होता आणि आता गेला, एवढं कॉलेज त्यात लिहून देतं. मायग्रेशन हे विद्यापीठाचं. हा विद्यार्थी आमच्या पटावर होता, अमुक परीक्षा अमुक साली पास झाला, दुसऱ्या विद्यापीठात जाण्यास आमची हरकत नाही, असं त्यात असतं. त्यामुळे कॉलेज बदललं पण विद्यापीठ तेच राहिलं, तर मायग्रेशनची गरजच नसते. विद्यापीठ बदललं की मात्र ते लागतं.

तुम्हाला लागतं का

कोकणात हा हिशेब जरा उलटा आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतची कला, वाणिज्य, विज्ञानाची नेहमीची कॉलेजं मुंबई विद्यापीठाची. राजापूरचा मुलगा बी.एस्सी. करून साडेतीनशे किलोमीटरहून लांब मुंबईत एम.एस्सी.ला गेला आणि तिथलं कॉलेजही मुंबई विद्यापीठाचंच असलं, तर त्याला फक्त दाखला लागतो. तोच मुलगा अणुस्कुरा घाट चढून कोल्हापुरात गेला, तर शिवाजी विद्यापीठात गेला, आणि मायग्रेशन लागलं. सावंतवाडीची मुलगी बांद्यावरून पुढे गोवा विद्यापीठात गेली, तरी लागलं. अंतर बघू नका, गुणपत्रिकेच्या माथ्यावर कुठल्या विद्यापीठाचं नाव आहे ते बघा.

ते बघायलाच हवं, कारण एकाच गावातल्या दोन भावंडांची विद्यापीठं वेगळी असू शकतात. कृषीची पदवी दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाची असते. नर्सिंग, आयुर्वेद, होमिओपॅथीची नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. इंजिनिअरिंगची काही कॉलेजं मुंबईला जोडलेली, काही लोणेऱ्याच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला. अर्ज त्या त्या विद्यापीठाकडेच जातो. तुमचं कॉलेज स्वायत्त असेल आणि परीक्षा कॉलेजनेच घेतली असेल, तरी पदवी मूळ विद्यापीठाची, म्हणून मायग्रेशनही तिथूनच.

नोकरीच्या अर्जाला हे सर्टिफिकेट सहसा कुणी मागत नाही. परदेशी विद्यापीठं बहुतेक वेळा ट्रान्सक्रिप्ट मागतात, तो कागद निराळा आणि त्याचा अर्जही निराळा. उगाच दोन्ही काढू नका.

"लागेल तेव्हा असावं" म्हणून आधीच काढून ठेवण्याचा सल्ला गावात कुणी ना कुणी देतोच. तो ऐकू नका. मायग्रेशन घेतलं म्हणजे त्या विद्यापीठाच्या पटावरून तुमचं नाव उतरलं. मग कोल्हापूरचा प्रवेश फिसकटला आणि तुम्ही रत्नागिरीतच एम.कॉम.ला बसायचं ठरवलं, तर ते न वापरलेलं मूळ सर्टिफिकेट साधारणपणे परत जमा करावं लागतं आणि नाव पुन्हा चढवून घ्यावं लागतं. पुढच्या विद्यापीठाने प्रवेश दिला आणि मायग्रेशन मागितलं, की मग काढा.

निकाल पक्का होऊ द्या

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, आणि फार तर ४५ दिवसांत निकाल लागायला हवा. एप्रिल-मेची परीक्षा धरली तर जून हा निकालाचा महिना. पुढचे प्रवेशही साधारण त्याच सुमारास सुरू होतात, म्हणून सगळ्यांची धांदल उडते आणि मुलं ऑनलाइन निकाल दिसला त्याच रात्री मायग्रेशनचा अर्ज भरायला बसतात.

तिथे थांबून दोन गोष्टी बघा. एखाद्या विषयात गुण कमी वाटतात आणि पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करायचा आहे का? तसं असेल तर आधी त्याचा निकाल येऊ द्या. मायग्रेशनवर शेवटची परीक्षा आणि तिचा निकाल लिहिलेला असतो. नंतर गुणपत्रिका बदलली तर कागद एक बोलतो आणि गुणपत्रिका दुसरं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आधीच्या कुठल्या सेमिस्टरचा एखादा विषय राहिलेला नाही ना? शेवटचं सेमिस्टर पास झालं म्हणजे पदवी झाली असं नव्हे. तिसऱ्या सेमिस्टरचा एक विषय लटकलेला असताना मायग्रेशन काढलं, तर तो विषय कुठल्या विद्यापीठात देणार? जुन्याच्या पटावरून तुम्ही उतरलेले असता, आणि नव्याला तो विषय ठाऊकच नसतो.

पदवीच्या सर्टिफिकेटची वाट मात्र बघू नका. ते दीक्षान्त समारंभानंतर येतं आणि तोवर प्रवेशाची मुदत केव्हाच उलटलेली असते. शेवटच्या वर्षाची पास झाल्याची गुणपत्रिका सहसा पुरते, काही ठिकाणी तिच्यासोबत पासिंग सर्टिफिकेट मागतात.

दाखला: इथे घाई करू नका

दाखला काढायला आधी नो ड्यूज. त्या कागदावर ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, हॉस्टेल, आणि असल्यास एन.सी.सी. अशा सह्या घ्याव्या लागतात. सगळ्यात जास्त मुलं ग्रंथालयात अडतात. दुसऱ्या वर्षी घेतलेलं पुस्तक मैत्रिणीला दिलेलं असतं आणि ती लग्न होऊन चिपळूणला गेलेली असते. पुस्तक मिळत नसेल तर किंमत भरून मोकळे व्हा, त्यात आठवडा घालवू नका. ग्रंथालयाची अनामत परत मिळण्याचा अर्जही त्याच दिवशी देऊन टाका, नंतर कुणी त्यासाठी एस.टी.चं तिकीट काढत नाही.

दाखला हातात आला की खिडकीपासून हलू नका. तिथेच उभं राहून शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका शेजारी धरा आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहा.

माझ्या भाचीचं काय झालं ते सांगतो. ती राजापूर तालुक्यातली, बी.एस्सी. केमिस्ट्री, कोल्हापूरला एम.एस्सी.ला नंबर लागलेला. जूनच्या शेवटच्या आठवड्यात निकाल, जुलैच्या पहिल्या आठवड्यात दाखला. मला फोन आला, "मामा, फॉर्म भरला मी, पैसेपण गेले." मी विचारलं, दाखला वाचलास का? म्हणाली, वाचायचंय काय त्यात, माझाच आहे. दाखला फोटो काढून पाठव म्हटलं, सोबत गुणपत्रिकाही.

तिच्या आडनावात 'व' आहे. आपल्याकडे सावंत, सावळ, वाडेकर अशी 'व'ची आडनावं पावलोपावली, आणि इंग्रजीत लिहिताना तो 'व' कधी व्ही होतो, कधी डब्ल्यू. तिच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर डब्ल्यू, विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर डब्ल्यू, आणि दाखल्यावर व्ही. ज्याने दाखला टाइप केला त्याने मराठी रजिस्टरवरून नाव वाचलं आणि त्याच्या बोटांना जे सुचलं ते उमटवलं. माणूस म्हणून त्याला फरक पडत नव्हता. पण विद्यापीठाच्या टेबलावर बसलेल्याच्या समोर दोन कागद येतात आणि दोन कागदांवर दोन नावं दिसतात. तो त्रुटी काढणार, आणि त्याने काढावीच.

तिच्या दाखल्यात आणखी एक होतं, ते मलाही दुसऱ्यांदा बघताना दिसलं. पी.आर.एन.मधले दोन अंक उलटसुलट पडले होते. पी.आर.एन. म्हणजे विद्यापीठाने पहिल्या वर्षी दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक. मुंबई विद्यापीठाचा तो १६ अंकी असतो. एवढा लांब आकडा एका दमात वाचला की डोळा फसतो. आम्ही ऑफिसात तो चार-चार अंकांचे चार तुकडे पाडून, एकाने मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने बोट ठेवायचं, असा तपासत असू. घरी आईला समोर बसवून तसाच तपासा. परीक्षेचा बैठक क्रमांक हा नव्हे, तो दर सेमिस्टरला बदलतो. अर्जात पी.आर.एन.च्या चौकोनात बैठक क्रमांक घालणारी मुलं मी डझनांनी पाहिली आहेत.

दाखल्यातली चूक कॉलेजच दुरुस्त करू शकतं, विद्यापीठ नाही. त्यासाठी साधा अर्ज द्यायचा. भाचीने दिलेला अर्ज मी सांगितला तसा असा होता:

"मा. प्राचार्य यांस, विनंती अर्ज. मला दि. ... रोजी मिळालेल्या दाखल्यात माझ्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग व पी.आर.एन. चुकीचा छापला गेला आहे. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेप्रमाणे दुरुस्त दाखला मिळावा. सोबत मूळ दाखला, तसेच सहाव्या सेमिस्टरच्या व बारावीच्या गुणपत्रिकेच्या छायाप्रती जोडल्या आहेत."

एवढंच. चूक कुणाची, किती त्रास झाला, हे लिहू नका. त्याने काम हलत नाही, नुसता अर्ज लांबतो. आणि खाडाखोड करून, पेनाने डब्ल्यू काढून, वर सही मारलेला दाखला घेऊ नका, कुणी प्रेमाने दिला तरी. नवा दाखला मागा. मूळ चुकीचा दाखला कॉलेज परत घेतं, तो जपून ठेवायच्या नादात फाडू किंवा हरवू नका.

चूक दाखल्यात नसून गुणपत्रिकेतच असेल, तर गोष्ट लांबते. ती दुरुस्ती विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून होते, कॉलेजमार्फत, दहावी-बारावीच्या कागदांच्या आधारे. ती आधी करून घ्या. चुकीच्या नावाचं मायग्रेशन हातात आलं तर तेही पुढे बदलावं लागेल, म्हणजे काम दुप्पट.

लग्न झालेल्या मुलींनी एक लक्षात ठेवावं. पदवीच्या कागदांवर जे नाव आहे त्याच नावाने मायग्रेशन मागा. आधार कार्डावर सासरचं नाव आलं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा नाव बदलल्याचं राजपत्र सोबत जोडा. अर्जात नवं नाव घालून जुने कागद जोडले की त्रुटी ठरलेली.

अर्ज आणि कागद

दाखला बिनचूक हाती आला की खरं तर अवघड भाग संपला. अर्जाचा नमुना आणि त्या वर्षीची फी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते. मुंबई विद्यापीठाचं mu.ac.in, तिथे विद्यार्थ्यांसाठीचा विभाग पाहा. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात भिंतीवर चिकटवलेला जुना नमुना वापरू नका, फी बदललेली असते आणि कमी भरलेल्या फीचा अर्ज पुढे सरकत नाही.

सोबत जोडायचे कागद बहुतेक ठिकाणी हे: दाखल्याची प्रत, शेवटच्या वर्षाच्या दोन्ही सेमिस्टरच्या गुणपत्रिका, आधार कार्ड, फी भरल्याची पावती, आणि काही विद्यापीठं मागतात ते नव्या ठिकाणच्या प्रवेशाचं पत्र. अर्जावर प्राचार्यांची सही आणि कॉलेजचा शिक्का लागतो की नाही, हे अर्जातच लिहिलेलं असतं. लागत असेल तर ती सही दाखला घ्यायला जाल त्याच दिवशी घेऊन टाका. प्राचार्य मीटिंगला मुंबईला गेले आणि तुम्ही पाचलहून दोन बस बदलून आलात, असं व्हायला नको. निघण्याआधी ऑफिसला फोन करून विचारा.

मूळ दाखल्याबद्दल मात्र सावध राहा. नव्या कॉलेजलाही मूळ दाखलाच हवा असतो. जुन्या विद्यापीठाला जिथे छायाप्रत चालते तिथे मूळ प्रत पाठवून बसू नका. दाखला मिळताच पाच-सहा झेरॉक्स काढा, एक चांगला स्कॅन करा, आणि मूळ कागद लॅमिनेट करू नका. लॅमिनेट केलेल्या कागदावर पुढच्या कॉलेजला शिक्का मारता येत नाही आणि खरा शिक्का बोटाने तपासताही येत नाही.

फी ऑनलाइन भरताना पावसात नेट जातं, पैसे जातात आणि पावती येत नाही. लगेच दुसऱ्यांदा भरू नका. बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक लिहून ठेवा, दोन-तीन कामाचे दिवस जाऊ द्या, मग त्याच पोर्टलवर लॉगइन करून पैसे जमा दिसतात का ते पाहा. दिसत नसतील तर त्या क्रमांकासह ईमेल करा.

ज्यांनी बारावी महाराष्ट्र बोर्डातून केलेली नाही, म्हणजे गोवा बोर्ड, सी.बी.एस.ई. वगैरे, त्यांनी एक जुनी भानगड तपासावी. एलिजिबिलिटी म्हणजे तुम्ही प्रवेशाला पात्र आहात ही विद्यापीठाची मान्यता. पदवीच्या पहिल्या वर्षी ती तात्पुरती झाली होती, ती पुढे कायम झाली का? कधी एखादा कागद द्यायचा राहून जातो, मुलगा तीन वर्षं परीक्षा देत राहतो, आणि मायग्रेशनच्या अर्जावर उत्तर येतं की तुमची एलिजिबिलिटीच बाकी आहे. कॉलेजच्या ऑफिसात आपलं नाव सांगून विचारलं तर रजिस्टरवरून पाच मिनिटांत कळतं. दाखला घेताना विचारून टाका.

कागद घरी कसा येईल

पोस्टाने मागवणार असाल तर पत्ता शहरातल्यासारखा लिहून भागत नाही. घर क्रमांकाने आमच्याकडे कुणी ओळखत नाही. वाडीचं नाव, मु. पो. मध्ये पोस्ट ज्या गावात आहे त्याचं नाव, तालुका, जिल्हा, पिनकोड, आणि दोन मोबाइल नंबर, एक तुमचा आणि एक घरी कायम असणाऱ्याचा. स्पीड पोस्टचा क्रमांक मिळाला तर तो तपासत राहा, आणि पाकीट तुमच्या शाखा डाकघराला पोचलं की स्वतः जाऊन घ्या. पावसात पोस्टमनची पिशवी ओली होणं हा काही नवल करण्यासारखा प्रकार नाही.

हातोहात घ्यायचं असेल तर कोकणात मुंबईला कुणी नाही असं घर सापडणं कठीण. चाकरमानी काका, मामा, चुलत भाऊ, कुणीतरी असतोच. पण तो नुसता पावती घेऊन गेला तर खिडकीवरून परत येईल. त्याच्या हाती अधिकारपत्र द्या: मी अमुक, पी.आर.एन. अमुक, माझे मायग्रेशन सर्टिफिकेट माझ्या वतीने स्वीकारण्याचा अधिकार अमुक यांना देत आहे. खाली तुमची सही, त्याची नमुना सही, आणि दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती. तुमची सही अर्जावर केली तशीच करा. भाचीने अर्जावर इंग्रजीत सही केली होती आणि अधिकारपत्रावर मराठीत. ते पत्र तिला मी पुन्हा लिहायला लावलं.

कागद हाती आला की पुन्हा तीच कवायत. नाव, पी.आर.एन., परीक्षा, साल, शिक्का, सही, क्रमांक. काका खिडकीवर उभे असतानाच त्यांना व्हॉट्सॲपवर फोटो पाठवायला सांगा, आणि तुम्ही गुणपत्रिका हातात घेऊन बसा. चूक तिथेच दिसली तर तिथेच सांगता येते, ते राजापूरला पोचल्यावर दिसली तर पुन्हा पहिल्यापासून.

उशीर झाला तर

नव्या विद्यापीठात मायग्रेशन नाही म्हणून प्रवेश लगेच नाकारत नाहीत. तुमच्याकडून हमीपत्र घेतात, अमुक तारखेपर्यंत आणून देईन असं, आणि तात्पुरती एलिजिबिलिटी देतात. इथे बहुतेक मुलांना वाटतं की काम झालं. ती हमीपत्राची तारीख कुठेतरी लिहून ठेवा. मुदत उलटूनही कागद दिला नाही, तर एलिजिबिलिटी अडते, आणि मग परीक्षेचा फॉर्म अडतो किंवा परीक्षा देऊनही निकाल राखून ठेवतात. पहिल्या सेमिस्टरला कुणी काही बोललं नाही म्हणून विसरलेली मुलं दुसऱ्या वर्षी घाबरून फोन करतात.

मुदत जवळ आली आणि जुन्या विद्यापीठाकडून कागद आला नाही, तर नव्या कॉलेजला मुदतीच्या आधी लेखी अर्ज द्या: अर्ज केल्याची तारीख, अर्ज क्रमांक, फीच्या पावतीची प्रत. ऑफिसचा माणूस मग तुमच्या नावापुढे शेरा मारू शकतो. तोंडी सांगितलेलं त्याच्या फायलीत जात नाही.

जुन्या विद्यापीठाकडे पाठपुरावा करताना अर्ज क्रमांक हाच धरून बोला. पहिल्या ईमेलमध्ये नाव, पी.आर.एन., अर्ज क्रमांक, अर्जाची तारीख आणि एकच प्रश्न: अर्जात त्रुटी आहे का, असल्यास कोणती. "कधी मिळेल" याला कुणी उत्तर देत नाही, "त्रुटी काय" याला देतात, कारण ते त्यांच्या स्क्रीनवर दिसतं. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली एखादी सेवा अधिसूचित झाली असेल तर तिच्यासाठी दिवसांची मुदत ठरलेली असते आणि ती मोडली तर पहिलं अपील करता येतं. मायग्रेशन त्या यादीत आहे का आणि त्याला किती दिवस दिले आहेत, हे तुमच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहा. पण अपिलाआधी स्वतःच्या अर्जात त्रुटी नाही याची खात्री करा. त्रुटीचा अर्ज मुदतीत मोजला जात नाही.

वेळेचा हिशेब करताना विद्यापीठाच्या दिवसांत आपले कोकणचे दिवस मिळवा. घाटात दरड आली की अणुस्कुरा बंद, आंबा घाटातून वळसा. आणि गणपती. गणपतीच्या आधीचा आठवडा आणि विसर्जनानंतरचे दोन दिवस कुठल्याही कागदावर सही मिळेल असं धरू नका, तुम्हीही घरी असणार आणि मुंबईचा काकाही तुमच्याच ओटीवर बसलेला असणार. हमीपत्रावर तारीख लिहायची मोकळीक असेल तर गणपतीनंतरची लिहा.

भाचीचा हिशेब असा झाला. निकाल जूनअखेर. चुकीचा दाखला जुलैच्या पहिल्या आठवड्यात, दुरुस्त दाखला चौथ्या दिवशी, कारण ती स्वतः जाऊन बसली. आधी भरलेल्या फॉर्मला चुकीचा दाखला जोडलेला होता, त्यामुळे त्रुटी निघालीच, आणि तिने त्याच अर्ज क्रमांकावर दुरुस्त दाखला पाठवला. नवा अर्ज करून फी दुसऱ्यांदा भरायच्या बेतात होती, मी थांबवलं. ऑगस्टच्या मध्याला चुलत भावाने मुंबईतून सर्टिफिकेट उचललं आणि रात्रीच्या गाडीने आलेल्या शेजाऱ्याबरोबर पाठवलं, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत. दाखला तिने खिडकीवरच वाचला असता तर हे सगळं जुलैतच आटोपलं असतं, असं मी म्हटलं, तर भावोजी म्हणाले, तुझी ती सवयच आहे.

कोल्हापूरला मूळ प्रत जमा करण्याआधी तिने दोन्ही बाजूंचा स्कॅन केला आणि सर्टिफिकेटचा क्रमांक व तारीख वहीत लिहून घेतली. मूळ मायग्रेशन नव्या विद्यापीठातच राहतं, परत मिळत नाही. वाटेत हरवलं तर दुसरी प्रत मिळते, पण त्यासाठी पोलिसांत हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र आणि वेगळी फी, आणि त्या अर्जात पहिलाच प्रश्न असतो, मूळ सर्टिफिकेटचा क्रमांक काय. जमा करताना पोच घ्यायला विसरू नका, साध्या झेरॉक्सवर आवक शिक्का आणि तारीख मारून घेतली तरी चालते.